हळदीच्या शेठचं जहाजभाडं

नांदेडात मी निर्यातदारांच्या मालाला जहाजात जागा मिळवून देतो. हळदीच्या एका शेठनं युरोपातल्या गिऱ्हाइकाला वर्षभराचा माल पोहोच भावानं, म्हणजे भाड्यासकट, ठरवून विकला. मी म्हणालो, "शेठ, विक्रीचा भाव बांधला, तर जहाजाचं भाडंही आजच वर्षाच्या करारानं बांधून घ्या."

गादीवरून ते सगळ्यांदेखत हसले. "भाडं रोज उतरून राहिलं अन् हा बांधा म्हणतोय! कमिशनची लई भूक हाय तुला."

मग तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले. जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि रोजचं भाडं इतकं भडकलं, की प्रत्येक कंटेनरमागे शेठला पदरचे पैसे घालावे लागले. गिऱ्हाईक दमडी वाढवीना. घाबरून शेठनं ऐन तेजीत पुढच्या वर्षाचं भाडं बांधलं. या खेपेला मी तोंड उघडलं नाही.

तेजी ओसरली. शेठ माझ्या ऑफिसात आले, तेव्हा चार व्यापारी बसले होते. शेठनं हळूच विचारलं, "आज भाडं काय हाय?"

मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "रोज उतरून राहिलं, शेठ. तुम्ही सोडून सगळ्यांसाठी."