फोनच्या कपाळावरचं कुंकू

खंडेनवमीला आमच्या तारनाक्याच्या घरी आई विळी, पक्कड आणि शिलाई मशीन मांडून पूजा करते. त्या वर्षी तिने माझा फोनही मांडला आणि त्याच्या कपाळावर, म्हणजे कानाला लावतो त्या फटीशेजारी, ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं. वर मला बजावलं, "पुसायचं नाही. आपोआप जाऊ दे."

दुसऱ्या दिवसापासून फोनचा पडदा भर उन्हातही मिणमिणायला लागला. मी चिडून ब्राइटनेसची पट्टी टोकापर्यंत ओढायचो, थोड्या वेळाने तो परत मंद. चार दिवस हीच मारामारी. शेवटी फोन बदलायचाच, असं ठरवून दिलसुखनगरच्या रिपेअरवाल्याकडे गेलो.

त्याने नखाने कुंकू खरवडलं. "साब, रोशनी नापने का सेन्सर इसके नीचे था. फोन समझा, अंधेरा हो गया."

पडदा लगेच लख्ख झाला. मी निघालो, तर तो मागून म्हणाला, "ठैरो साब, रीसेट करना पडेगा! अंधेरे में फुल रोशनी करना, ये आपने ही पट्टी खींच खींच के सिखाया उसकू." मी कसला थांबतोय! चार दिवसांचा राग होता.

संध्याकाळी घरातली लाईट गेली. काळोखात मी फोन उघडला आणि माझे डोळेच दिपले. समोरची भिंतसुद्धा पांढरीफटक झाली.

कोपऱ्यात बसलेल्या आईने तिथूनच हात जोडले. "बघ! आणि तू म्हणत होतास, फोनची कसली पूजा."