बेंझीनचे साडेपाच अंश

अकरावी-बारावीला आम्हाला केमिस्ट्री शिकवणारे सर घाटावरून आलेले होते. मुरबाडात खोली करून राहत. वर्गात कधी ओरडायचे नाहीत, म्हणून आम्हा सगळ्यांचे लाडके. आम्ही दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली पोरं. अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक पुढ्यात आलं, तेव्हा सरांनीच आम्हाला तारलं, असं आम्ही घरी सांगत असू. तारलं ते युक्त्यांनी. प्रत्येक धड्याला त्यांची एक युक्ती असे.

द्रावणांच्या धड्यात एक गणित हमखास यायचं. एखाद्या पदार्थाचा मोलर मास काढायचा, म्हणजे त्याचे कण किती जड आहेत ते शोधायचं. पदार्थ तोलून द्रवात विरघळवायचा. त्यामुळे द्रव नेहमीपेक्षा कमी तापमानाला गोठतो. किती अंश खाली उतरला त्यावरून उत्तर निघतं. या उताराला डेल्टा टी म्हणतात. सर म्हणाले, "द्रावण ज्या आकड्याला गोठतं तोच तुमचा डेल्टा टी. पुढे वजा असेल तर वजा खोडा, फॉर्म्युल्यात टाका, लॉग टेबल उघडा. जास्तीचा एखादा आकडा दिला असेल तर तो तुम्हाला गोंधळवायला असतो, त्याच्याकडे बघू नका." त्याच धड्यातल्या ऑस्मॉटिक प्रेशरच्या गणितात तेवढे तापमानात दोनशे त्र्याहत्तर मिळवा, इथे काहीच करू नका, असंही ते सांगत.

पाण्यासाठी ही युक्ती चालते. पाणी शून्याला गोठतं, शून्यातून वजा करायला काय लागतं? आणि सर आम्हाला पाण्याचीच गणितं घालायचे. युक्ती त्यांनी फळ्यावर कधी लिहिली नाही, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. फळ्यावर गणित असायचं, युक्ती तोंडी.

मला फार्मसीच्या डिप्लोमाला जायचं होतं. धसईच्या पलीकडच्या आमच्या गावात साधी तापाची गोळी हवी तरी बसची वाट बघावी लागे. औषधांच्या कपाटामागे पांढरा कोट घालून मी उभी आहे, असं चित्र मी मनात पक्कं केलं होतं. बाबा तयार नव्हते. शेवटी म्हणाले, "मार्क पडलं तर धाडतो कल्याणला. नाय पडलं तर नाय. मग सोयरीक आली तर नाय बोलायचा नाय." मी कबूल केलं. केमिस्ट्रीची मला भीती नव्हतीच.

बोर्डाच्या पेपरात गणित आलं ते पाण्याचं नाही, बेंझीन नावाच्या द्रवाचं. १.२८ ग्रॅम घन पदार्थ ५१.२ ग्रॅम बेंझीनमध्ये विरघळवला, द्रावण ४.५ अंशाला गोठलं, शुद्ध बेंझीन ५.५ अंशाला गोठतं, स्थिरांक ५.१२. वजा चिन्ह नव्हतंच, खोडायचंही काम नाही. साडेचार घेतले, साडेपाच सोडून दिले. उत्तर आलं २८.४४. दोनदा लॉग टेबल बघून खात्री केली आणि हसत बाहेर आले.

निकालाच्या दिवशी मला आणि आमच्या वर्गातल्या आणखी काही जणांना गुणपत्रिका मिळाली नाही. निकाल राखून ठेवला होता. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या पोरांनी तेच चुकीचं उत्तर त्याच पायऱ्यांनी लिहिलं होतं. तपासणाऱ्यांना वाटलं, बाहेरून चिठ्ठी आली. मलाही त्यांच्या जागी तेच वाटलं असतं.

चौकशीला बोर्डाच्या ऑफिसात बोलावलं, तेव्हा सर आमच्याबरोबर आले. एसटी स्टँडवर त्यांनी सगळ्यांना वडापाव खाऊ घातला. माझी मैत्रीण रडत होती, "आमी काय चोरी केली काय गो?" सर म्हणाले, "मी आहे ना." या तीन शब्दांवर आम्ही सगळा रस्ता निर्धास्त बसलो.

आत एकेकाला बोलावलं. टेबलापलीकडे एक साहेब आणि एक वयस्कर बाई. साहेबांनी तेच गणित सोडवायला दिलं. मी सोडवलं, २८.४४. साहेब हसले, "पाठ करून आलीस. अगं, अठ्ठावीस म्हणजे जवळजवळ हवेतला नायट्रोजन. घन पदार्थ म्हटलंय ना वर? उत्तर आहे एकशे अठ्ठावीस. डांबरगोळी असते तो पदार्थ."

बाईंनी कागद स्वतःकडे ओढला, द्रावणाचा आकडा बदलून पाच केला आणि परत दिला. मी पाच घेतले. त्यांनी विचारलं, "हे पाच कुठून आले?"

"द्रावण पाचला गोठतं ना, तोच डेल्टा टी. सरांनी तसंच शिकवलंय."

"बेंझीन मुळात कितीला गोठतं? साडेपाचला. मग खाली किती उतरलं?"

अर्धा अंश. एवढं साधं होतं ते. किती उतरलं हे सांगायला आधी कुठे होतं हे ठाऊक हवं. वर्षभर गिरवलेल्या गणिताचा अर्थ मला तिथे, आरोपी म्हणून उभी असताना कळला. लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला.

बाई साहेबांना म्हणाल्या, "कॉपी नाही ही. यांना शिकवलंच असं आहे. त्यांच्या सरांना बोलवा." मला वाटलं, सुटले.

सर आले. माझ्याकडे न बघता खुर्चीच्या कडेवर बसले. बाईंनी विचारल्यावर शांतपणे म्हणाले, "छे, असं कोण शिकवेल? शुद्ध द्रवाच्या तापमानातून द्रावणाचं वजा करायचं, हे पहिल्याच तासाला सांगतो मी."

"मग सगळ्यांची एकच चूक कशी?"

"एकानं केली असेल, मॅडम. बाकीच्यांनी बघितली."

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण शाळेत पाठ केली होती. तिचा वाक्यात उपयोग त्या दिवशी झाला.

परतताना बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले, "माझी नोकरी अजून पक्की नाही गं. तुम्ही पोरं काय, ऑक्टोबरला परत द्याल." मी तोंड खिडकीकडे फिरवलं. पण शिव्या द्यायला हव्या होत्या, असं आजही वाटतं.

आमचा केमिस्ट्रीचा पेपर रद्द झाला. ऑक्टोबरला मी पास झाले, चांगले मार्क घेऊन. तोवर डिप्लोमाचे प्रवेश संपले होते आणि बाबांनी शब्द दिला होता तो शहापूरच्या सोयरिकीला. "पोरीनं कॉपी केली" हे गावात आमच्याआधी पोचलं होतं. बाबांनी मला एकदाही विचारलं नाही की खरं काय. ते मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझी भाची, मोठ्या बहिणीची मुलगी, मुरबाडला त्याच कॉलेजात बारावीला होती. सुट्टीत माझ्याकडे राहायला आली आणि ओटीवर गणितं घेऊन बसली. द्रावणांचा धडा होता. बेंझीनचं गणित, आकडेही आमच्या पेपरातलेच, तिनं नुसतं काट मारून ठेवलं होतं. मी विचारलं, हे का सोडलंस?

"सर बोलतात, पाण्याचाच सम करायचा, वजा खोडला की झाला. बेंझीन आला तर ऑप्शनला टाकायचा." सर तेच होते, आता चांगले पक्के झालेले. ती पुढे म्हणाली, "मागं कदी आपल्या कॉलेजच्या पोरांनी त्यात कॉपी केलेली, मावशी. पकडली पण. तवापासून बोर्ड त्या समवर डोळा ठेवून असतो, सर दरवर्षी सांगतात."

मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि काट मारलेल्या गणिताखाली साडेपाचातून साडेचार वजा केले.

"त्या पोरांत मी होते," मी म्हटलं. "आता उत्तर काढ. डांबरगोळी येते."