मधली रेघ

परदेशातल्या चँडलर गावच्या मराठी मंडळात नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही काय करता?" नीलांबरी सांगायची, "वाट बघते." आणि वर मोकळेपणाने हसायची. विचारणारा बिचारा गडबडून पुरणपोळीच्या रांगेकडे सटकायचा.

खोटं काय होतं त्यात? नवऱ्याच्या, विनयच्या, कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यातल्या नोकरीच्या जोरावर ती इथे आली होती. अशा बायकांना नोकरीची परवानगी नसते, शिकायला मात्र कोणी अडवत नाही. नागपूरला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवणारी ही बाई मग कम्युनिटी कॉलेजात मिळेल तो क्लास घेत सुटली होती. मातीची भांडी झाली, स्पॅनिश झालं. २००६च्या फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टनंतरच्या सत्रात, विनयच्या शिफ्टला जुळणारा एकच क्लास उरला होता, मध्ययुगातल्या अरबी तत्त्वज्ञांचा.

"यार, हे शिकून काय करणार तू?" विनयने विचारलं.

"मातीची भांडी शिकून काय केलं? घरात दोन वाकडे मग आहेत. आता डोकं वाकडं करून घेते," ती म्हणाली.

पण खरी वाट वेगळ्याच गोष्टीची होती. नागपूरला तिचे बाबा, सगळ्या धरमपेठेचे देशकर सर, माणसं विसरायला लागले होते. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग सुनेचं, मग मुलाचं. आणि हिला जाता येत नव्हतं. व्हिसाची मुदत संपली होती, ग्रीन कार्डाचा अर्ज सरकारदरबारी पडून होता, प्रवासाची परवानगी हातात नव्हती, आणि परवानगीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकलं की तिचा अर्ज बाद. वकिलाने बजावून सांगितलं होतं. बाबांनी आपल्याला पूर्ण विसरायच्या आत एकदा, फक्त एकदा, आपल्याला ओळखावं, एवढीच तिची इच्छा होती.

म्हणून शनिवारी संध्याकाळी, नागपूरला रविवारची सकाळ झाली की, ती फोन लावायची. आणि आपल्याकडची जी खोड आहे तीच करायची. आपण मराठी माणसं फोनवर नाव सांगतो का कधी? "ओळखा पाहू कोण!" हिचंही तेच. "बाबा, ओळखलं का?"

पलीकडून घाबऱ्या आवाजात, "हो, हो... बरे आहात ना सगळे?" आणि रिसीव्हर आईकडे.

"काय सांगू बाप्पा तुला," आई म्हणायची. "काल दूधवाल्याला वाकून नमस्कार केला. मला म्हणतात, बाई, तुम्ही जेवलात का? चाळीस वर्षं संसार केला गं यांच्याबरोबर, आणि मी 'बाई'!"

नीलांबरीने काय नाही केलं! आपले फोटो मोठे करून पाठवले, लहानपणची गाणी फोनवर म्हटली, आईला त्यांच्या आवडीची कोथिंबिरीची सांबारवडी करायला लावली. दर शनिवारी परीक्षा, दर शनिवारी सर नापास. सगळ्या जन्मात कोणाला नापास करणं ज्यांच्या जिवावर यायचं, त्यांना पोटची पोर नापास करत होती आणि तिला ते कळतही नव्हतं.

क्लासमध्ये शिकवायला मिसेस फरहादी होत्या. इराणच्या, वयस्कर, खडूची पूड बाहीवर घेऊन हिंडणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर वरून खाली वर्तुळं काढली.

"या तत्त्वज्ञांचा ईश्वर बसून ठरवत नाही की चला, आज जग करू या," त्या म्हणाल्या. "तो स्वतःला जाणतो, आणि त्या जाणण्यातूनच एक बुद्धी ओसंडते. भरलेलं भांडं वाहतं तसं, पण भांडं मात्र रितं होत नाही. ती पहिली बुद्धी आपल्या उगमाचा विचार करते, त्यातून दुसरी बुद्धी येते. ती स्वतःचा विचार करते, त्यातून आकाशाचा एक गोल आणि त्याचा आत्मा. असं उतरत उतरत दहावी बुद्धी येते, चंद्राच्या गोलाखालच्या आपल्या जगाची. हिला म्हणायचं क्रियाशील बुद्धी. इथल्या मातीला, बीजाला, गर्भाला, ते तयार झाले की आपापलं रूप ती देते. आणि माणसाच्या मनाला ती ज्ञान देते."

"आणि शिक्षक काय करतो मग?" नीलांबरीने विचारलं. मास्तरणीचा स्वाभिमान दुखावला होता ना!

"तयारी करून घेतो. डोळा आहे, वस्तू आहे, पण उजेड नाही तर दिसेल का? ही बुद्धी म्हणजे सूर्य. तुम्ही हजार त्रिकोण बघता, मनात ताडून बघता, त्यांची चित्रं चाळता. त्याने मन तयार होतं. पण 'त्रिकोण म्हणजे काय' हे त्या चित्रांतून निघून येत नाही, ते वरून उतरतं."

घरी येताना गाडीत नीलांबरीला नागपूरच्या स्वयंपाकघरातली फरशी आठवत होती. बाबा फरशीवर खडूने आकृती काढायचे आणि उत्तर कधी म्हणजे कधी सांगायचे नाहीत. एकच पालुपद, "मधली रेघ शोध, नीलू. दिलेलं इकडे, हवं ते तिकडे. दोघांना जोडणारी रेघ मधे कुठेतरी आहे." ती रडायची, चिडायची, आणि मग एकदम सुचायचं. बाबा म्हणायचे, "बघ, मी कुठे सांगितलं?"

पुढे क्लासमध्ये मिसेस फरहादींनी सांगितलं तेही नेमकं हेच. सगळं तर्कज्ञान मधल्या दुव्यावर उभं असतं. डोंगरावर धूर आहे, जिथे धूर तिथे आग, म्हणून डोंगरावर आग, यातला धूर हा मधला दुवा. कोणाला तो शोधून शोधून सापडतो, कोणाला झटकन सुचतो, कोणाला जन्मात सुचत नाही. "मग दुसऱ्या टोकाला असाही कोणी असणार," बाई म्हणाल्या, "ज्याला शिक्षकाशिवाय सगळे दुवे एकदम, किंवा जवळजवळ एकदम मिळतात. कारणांसकट मिळतात, नुसतं ऐकून मान डोलावणं नव्हे. तो प्रेषित. आणि त्याची कल्पनाशक्ती इतकी बळकट असते की बुद्धीत उतरलेलं ज्ञान ती चित्रांत आणि शब्दांत गुंडाळते. म्हणून त्याला देवदूत दिसतो, वाणी ऐकू येते. आणि म्हणूनच तो साध्या माणसांना समजेल असं बोलू शकतो."

त्याच शनिवारी आईने फोनवर सांगितलं, "पहाटे उठले अन् म्हणाले, निळ्या फ्रॉकातली मुलगी दारात उभी होती, हातात खडू होता. आत बोलवा तिला, म्हणाले."

लहानपणी तसा निळा फ्रॉक नीलांबरीचाच होता! पुढच्या क्लासला ती वेळेआधी जाऊन बसली आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. "हे वरूनच आलं असेल ना? कल्पनाशक्तीने चित्र करून दाखवलेलं?"

मिसेस फरहादी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "खरी स्वप्नं पडतात असं ते मानतात. पण कल्पनाशक्ती स्वतःच्याच जुन्या सामानाशीही खेळत बसते, असंही बजावतात. तुमच्या वडिलांचं स्वप्न कुठलं, ते मला सांगता येणार नाही. उगीच आशा लावणार नाही मी."

"मग ते मला विसरले, तर माझी आठवण गेली कुठे?"

"या लोकांच्या मते, पाहिलेले चेहरे मेंदूच्या पुढच्या भागात साठतात. या चेहऱ्याची माया, मेंढीला वाटते ती लांडग्याची भीती, हे मागच्या भागात. ही शरीरातली कोठारं आहेत, आजाराने पडतात. पण त्रिकोणाचं ज्ञान मेंदूत ठेवता येत नाही. शरीरातलं सगळं तुकड्यांत विभागता येतं, तसा अर्थ विभागता येत नाही. म्हणून त्याला कोठारच नाही."

"कोठार नाही? मग आठवतं कसं?"

"आठवत नाहीच. मन पुन्हा त्या बुद्धीकडे वळतं आणि पुन्हा नव्याने घेतं. शिकणं म्हणजे वळायची सवय लागणं. भाकरी थापता येणाऱ्या बाईच्या हातात भाकरी नसते, पण पीठ दिलं की ती थापते. हं, वळण्यासाठी मेंदूची मदत लागते, तो फारच थकला की तेही अवघड. डॉक्टर वेगळं सांगतील, तेही ऐका."

नीलांबरीचे डोळे चमकले. म्हणजे आपण इतके महिने पडक्या कोठाराचंच दार ठोठावत होतो! "मग तिथे आमची भेट होईल? त्यांच्या मनात आणि माझ्या मनात एकच गोष्ट, एकाच ठिकाणाहून?"

बाईंनी बाहीवरची खडूची पूड झटकली. "होईल. पण एक लक्षात ठेवा. तिथून येतं ते सगळ्यांना लागू पडणारं. मुलगी म्हणजे काय, हे तिथून येतं. नीलांबरी तिथून येत नाही. ती त्या कोठारातच होती."

शनिवारी तिने फोन लावला. आईला म्हणाली, "बाबांना दे. आणि माझं नाव सांगू नकोस."

"हॅलो?" तोच घाबरा आवाज. परीक्षेला बसवलेल्या पोरासारखा.

"सर," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सर म्हणाली. "एक शंका होती. अर्धवर्तुळ काढलंय. व्यासाची दोन टोकं परिघावरच्या एका बिंदूला जोडली. तो कोन काटकोनच का होतो?"

पलीकडे आई मागून काही पुटपुटत होती. नीलांबरीने ओठ दाताखाली धरले. आपण हे काय केलं? उगीच आणखी एक परीक्षा!

"मधली रेघ काढली का?" आवाज आला. त्यात भीती नव्हती.

"नाही सर. कुठे काढू?"

"अगं, केंद्रापासून त्या बिंदूपर्यंत! मग बघ, दोन त्रिकोण झाले. त्रिज्या सगळ्या सारख्या, म्हणून दोन्ही समद्विभुज. पुढे?"

"म्हणजे पायाचे कोन सारखे," ती म्हणाली. "एकाचे दोन सारखे, दुसऱ्याचे दोन सारखे. चौघांची बेरीज मोठ्या त्रिकोणाची, दोन काटकोन."

"आणि तुझा कोन?"

"प्रत्येक जोडीतला एक. म्हणजे निम्मा. काटकोन."

"बघ!" सर हसले. खरंच हसले, फरशीवर उकिडवे बसून हसायचे तसे. "मी कुठे सांगितलं?"

चँडलरच्या त्या भाड्याच्या घरात नीलांबरी भिंतीला टेकून खाली बसली. तो काटकोन आत्ता या क्षणी दोघांच्या मनात होता, तिच्या आणि त्यांच्या, आणि मधे कुठलाच समुद्र नव्हता. विनयने काळजीने पाहिलं, तिने हातानेच थांब म्हटलं. आता पुढचं येईल. आता ते नीलू म्हणतील.

"हुशार आहेस गं पोरी," सर म्हणाले. "पाया पक्का आहे तुझा. कोणी शिकवलं गणित?"

तिने डोळे मिटले. ओळखलं का, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते तिने गिळले.

"माझ्या बाबांनी, सर."

"वा! चांगला माणूस दिसतो," सर म्हणाले. "त्यांना माझा नमस्कार सांग."

"सांगते," नीलांबरी म्हणाली.