गोडाऊनमधली दुपार

माझे यजमान न्हाणीघराला आतून कडी लावत नसत. दाराला भरलेली बादली टेकवायची आणि बाहेर कोणाची चाहूल लागली की खोकायचं, अशी त्यांची रीत होती. लग्नानंतरची काही वर्षं तेही चारचौघांसारखी कडी लावत. एका दुपारनंतर ते थांबलं. त्या दुपारविषयी लिहायचं बरीच वर्षं मनात होतं, पण ज्यांच्यावर ती गुदरली ते असेपर्यंत हात धजावला नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. ते आमच्या शहरातल्या द्वारका चौकात शेतीच्या मोटारी आणि सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात स्टोअरकीपर होते. मी गंगापूर रोडच्या एका वाचनालयात काम करायचे. दुकानाचं गोडाऊन मागच्या गल्लीत होतं. जेवणाच्या वेळी त्याचं शटर खाली ओढायची तिथली पद्धतच होती, म्हणून त्या दिवशी शटर पार जमिनीला टेकलं तेव्हाही त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी डबा खाल्ला, खोक्याला पाठ टेकून थोडं पडले. मग उठून शटर उचलायला गेले तर ते हलेना. बाहेरून कुलूप होतं.

त्यांनी हाका मारल्या. बऱ्याच वेळानं शेठचा आवाज आला.

"तांब्याच्या तारेची रिळं कुठं घातलीस ते कबूल कर. मग उघडतो."

"शेठ, कुठली रिळं? आधी दार तर उघडा."

"आत बसून आठव. हमालांबद्दल तुला बरं सगळं आठवत होतं!"

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. काही आठवड्यांपूर्वी कामगार कार्यालयाचा माणूस चौकशीला आला होता आणि ह्यांनी त्याला खरं ते सांगितलं होतं. हमाल रोज येतात, पण हजेरीत त्यांची नावं नाहीत. तेव्हापासून शेठ ह्यांच्याशी धड बोलत नव्हते.

ऊन कलेपर्यंत ते आत होते. वर एक जाळीची खिडकी होती, हात बाहेर निघेल एवढीच. पत्र्याखाली उकडत होतं. मोटारींच्या वंगणाचा वास पुढं त्यांना कधीच सहन झाला नाही.

मग पोलीस आले. शेठनी चोरीची फिर्याद दिली होती. संध्याकाळी एक हवालदार आमच्या दारात उभा राहिला. शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुमच्या मिस्टरांना अटक केलीय. मालकाच्या मालाची चोरी, असा गुन्हा आहे. सकाळी कोर्टात हजर करतील. वकील बघून ठेवा." समोरच्या बाई दोरीवरचे कपडे काढता काढता थांबल्या होत्या. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर नेलं, जामीन झाला. घरी आल्यावर ते कपडे न बदलता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. मी पोलिसांना शिव्या द्यायला लागले तर म्हणाले, "त्यांचं काही चुकलं नाही गं. त्यांच्यापुढं फिर्याद होती. कशासाठी नेतोय ते सांगितलं, कागदावर लिहिलं, वेळेत कोर्टात उभं केलं. कुलपाच्या आत मात्र मी कोणाचा कोण होतो, तेच कळत नव्हतं."

माझा थोरला भाऊ तहसील कचेरीत कारकून होता. कोर्टाचं त्याला कळतं, असं आम्ही सगळे धरून चालायचो. तो म्हणाला, "आधी निर्दोष सुटा. आत्ता त्याच्यावर उलटा दावा टाकलात तर तो आणखी चवताळेल. सुटलात की मग गोडाऊनचं आणि खटल्याचं एकदमच वसूल करू."

आम्हाला ते पटलं. शिवाय भीती होती. शेठची जीप वाचनालयाच्या रस्त्यानं गेली तरी मी खिडकीपासून मागं सरायचे.

खटला तीन वर्षांच्या आसपास चालला. दुकानातलं काम सोडून गावी गेलेला टेम्पोवाला आमच्या बाजूनं साक्षीला आला. तो सटाण्याकडचा होता. पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "माल मीच सटाण्याले लई गयथू, साहेब. शेठनीच धाडेल व्हता." रिळं शेठच्याच सटाण्यातल्या दुसऱ्या दुकानात पडून होती. ती त्यांनी स्वतः त्या सकाळी पाठवली होती. हे निर्दोष सुटले.

मग आम्ही दिवाणी काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो. साठीच्या होत्या. टेबलावर कागदांपेक्षा पेरूच जास्त. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोडाऊनमधून बाहेर कधी पडलात?"

ह्यांनी सांगितलं.

त्यांनी पेरू खाली ठेवला. "मग त्याचा दावा गेला."

"गेला म्हणजे?"

"बेकायदा कोंडून ठेवण्याचा दावा कोंडीतून बाहेर पडल्यापासून वर्षाच्या आत लावायचा असतो. फौजदारी खटला चालू होता म्हणून ते वर्ष थांबत नाही. हे दोन वेगळे दावे आहेत. एकदम वसूल करायचं, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

भाऊ आमच्याबरोबर आलेला होता. तो खिडकीबाहेर पाहू लागला.

"खरं तर तोच सोपा होता," बाई म्हणाल्या. "त्यात शेठचा हेतू सिद्ध करायची गरज नसते. तुम्हाला कोंडलं, एवढं दाखवलं की कोंडायचा हक्क होता हे त्यानं दाखवायचं. आणि तो त्याला नव्हता. डोळ्यांदेखत कोणी चोरी करताना सापडला तर साध्या माणसालाही धरता येतं, पण धरून लगेच पोलिसांकडे द्यायचं. कुलूप घालून कबुली मागायची नाही."

"पण मॅडम," हे हळूच म्हणाले, "पहिला काही वेळ तर मला माहीतच नव्हतं. मी डबा खात होतो."

"माहीत नसलं तरी कोंडलेलेच होतात."

हे शब्द ऐकून त्यांनी मान खाली घातली.

उरला तो खोट्या खटल्याचा दावा. तो निर्दोष सुटल्यापासून वर्षाच्या आत लावायचा, म्हणून मुदतीत होता. पण तो अवघड, हे बाईंनी तेव्हाच बजावलं. "सुटलात म्हणजे खटला खोटा होता, असं दिवाणी कोर्ट धरत नाही. पुरावा कमी पडला म्हणूनही माणसं सुटतात. शेठनं खटला उभा केला, त्याला वाजवी कारण नव्हतं, मनात वाईट हेतू होता आणि त्यात तुमचं नुकसान झालं, हे सगळं आपण नव्यानं सिद्ध करायचं. टेम्पोवाल्याला परत आणायचं."

"पोलिसांचं काय?" भावानं विचारलं.

"पोलिसांची अटक कायद्याप्रमाणे होती. त्यांना दाव्यात ओढलंत तर खरा गुन्हेगार त्यांच्या पाठीमागे लपेल."

गोडाऊनची हकिगत त्यांनी दाव्यात लिहिली, पण भरपाई मागायला नाही, वाईट हेतू दाखवायला. हे मला म्हणाले, "पैसे मिळोत न मिळोत. मला कोंडलं होतं, एवढं कोर्टानं लिहिलं तरी पुरे."

दिवाणी कोर्टात वर्षं कशी जातात ते तिथं बसलेल्यांनाच माहीत. उलटतपासणीत शेठच्या वकिलानं ह्यांना विचारलं, "पोलिसांनी मारहाण केली?"

"नाही."

"उपाशी ठेवलं?"

"नाही. चहा दिला."

"मग अटक रीतसर होती?"

"हो."

"मग तक्रार कशाची आहे हो तुमची?"

"पोलिसांची नाहीच. खोटं सांगून त्यांना माझ्या अंगावर पाठवलं, त्याची आहे."

मागं कोणीतरी हसलं. वकिलानं चष्मा पुसला.

पुरावा संपला आणि फक्त युक्तिवाद राहिला, तेव्हा ह्यांचं मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. बाईंना सांगितल्यावर त्या मला एकटीला बाहेरच्या जिन्यावर घेऊन गेल्या. एरवी मोठ्यानं बोलणाऱ्या बाई तेव्हा अगदी हळू बोलल्या.

"ताई, हा हक्क त्या माणसाबरोबरच संपतो. जमिनीच्या दाव्यासारखा वारसाला पुढं चालवता येत नाही. युक्तिवाद व्हायच्या आत यांना काही झालं, तर दावाही जाईल."

"आणि युक्तिवाद झाल्यावर?"

"सुनावणी पूर्ण झाली आणि फक्त निकाल राहिला, तर मग दावा जात नाही."

त्या दिवसापासून मला दोन गोष्टींची एकदम भीती वाटू लागली, आणि त्यातली कोणती आधी मनात येते याची लाज. ताप आला की मी थर्मामीटर बघायचे आणि पुढची तारीख आठवायचे. दावा लवकर चालवा असा अर्ज करायचा तर आजाराचं प्रमाणपत्र जोडावं लागणार होतं. जोडलं की ते समोरच्यांच्या हातात जाणार. त्यांना कळलं तर ते नुसत्या तारखा मागत राहतील. काही न करताच जिंकतील.

म्हणून आम्ही आजार लपवला. कोर्टात जायच्या दिवशी मी त्यांची दाढी करून द्यायचे, उन्हाळ्यातही त्यांना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून द्यायचे, सुयांच्या खुणा दिसू नयेत म्हणून. ते म्हणायचे, "नवरदेव करतेस की काय?" रिक्षातून उतरताना माझा हात धरायचे आणि फाटकातून आत शिरताना सोडून द्यायचे.

दोनदा समोरच्या वकिलानं तारीख मागून घेतली. दुसऱ्यांदा जाता जाता तो माझ्याजवळ थांबला आणि फार आदबीनं म्हणाला, "साहेबांची तब्येत कशी आहे? वाळलेत थोडे."

"उन्हानं," मी म्हणाले. शेठ पलीकडे बाकावर बसून आमच्याकडेच बघत होते.

त्याच दुपारी बाईंनी ठरवलं. "त्यांना कळलंय. आता लपवून फक्त आपलंच नुकसान." पुढच्या तारखेला प्रमाणपत्र जोडून अर्ज दिला आणि न्यायाधीशांसमोर उभ्या राहून स्पष्ट म्हणाल्या, "समोरची बाजू वादीच्या मरणाची वाट पाहते आहे." समोरचा वकील ताडकन उठला. न्यायाधीशांनी त्याला बसायला सांगितलं, अर्ज वाचला, मग बाकावरच्या ह्यांच्याकडे पाहिलं. लगतची तारीख दिली आणि पुन्हा तहकुबी मिळणार नाही असं बजावलं.

त्या तारखेला हे येऊ शकले नाहीत. दवाखान्यात त्यांच्याजवळ भाऊ होता, मी कोर्टात. दोन्ही बाजूंचं बोलणं होईपर्यंत मी दाराकडे पाठ करून बसले, भाऊ दारात दिसेल या भीतीनं. शेवटी न्यायाधीश म्हणाले, "प्रकरण निकालासाठी बंद." दवाखान्यात जाऊन मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "गोडाऊनचं बोलल्या का बाई?"

"बोलल्या. डब्यापासून."

त्याच आठवड्यात ते गेले.

तेराव्यानंतर मी बाईंकडे गेले तेव्हा मनात धास्ती होती की कायद्यात आणखी एखादी मुदत असेल, जी आम्हाला कोणी सांगितलेली नाही. बाईंनी कोर्टाला मृत्यू कळवला होता. "निकाल लागेल," त्या म्हणाल्या. "ते जिवंत असताना लागला असता तसाच धरला जाईल. शेठ अपिलात गेला तरी आता वारस म्हणून तुम्ही उभ्या राहू शकता."

निकालाच्या दिवशी पुकारा झाला, ह्यांचं पूर्ण नाव घेऊन. सवयीनं मी शेजारी पाहिलं. दावा मंजूर झाला, मागितली त्याहून कमी भरपाई देऊन. शेठ अपील करणार, असं त्यांच्या वकिलानं तिथंच सांगितलं. नक्कल मिळाली तेव्हा मी ती वाचनालयात, सगळे गेल्यावर, सावकाश वाचली. मधल्या एका परिच्छेदात होतं की फिर्याद देण्यापूर्वी प्रतिवादीनं वादीला गोडाऊनमध्ये कुलूप लावून कोंडून ठेवलं, हे सिद्ध झालं आहे. त्याची भरपाई आता देता येत नाही, पण त्यावरून प्रतिवादीचा हेतू दिसतो. मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. मग मोठ्यानं वाचला, जसा मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे तसा.

अपील अजून चालू आहे. शेठची जीप दिसली की आजही मी फुटपाथच्या आत सरते. घरात आता मी एकटीच असते, आणि न्हाणीघराला कडी लावायला माझा हात जातो, तेव्हा मी ती लावत नाही. बादली टेकवते.