गच्चीवरच्या पाइपातला श्वास

दौंडकडच्या त्या लॅबमध्ये केळीची रोपं बाटल्यांत वाढवत. खोल्या गार ठेवायला गार पाण्याचे पाइप भिंतींतून फिरवलेले. पंप चालवणारे मामा राहू गावातले. मालकानं त्यांना बजावलं होतं, "आणखी एक खोली तापली तर घरी बसा." म्हणून पाइप-पंपाची कामं करणाऱ्या मला वरवंडहून बोलावलं.

आत पाय टाकला आणि अंगावर काटा आला. भिंतीतून कुणीतरी गुळगुळ करत होतं, मधेच ठक्‌ठक्. पाइपात हवा साठली की असं होतं आणि पाणी अडून खोल्या तापतात, हे मला ठाऊक होतं. तरी मान वळवून बघितलंच.

"ताई, त्यो हाय त्यो," मामा म्हणाले. त्यो म्हणजे त्यांचा जोडीदार, इथला जुना फिटर. वर्षभरापूर्वी आजारानं गेला. "आत अडकलाय. मी रोज वर जाऊन नळी उघडतो, आन् म्हणतो, जा बाबा."

"पंप बंद करून उघडता ना?"

"न्हाई! पंप बंद केला तर मालक मला खाईल."

मी वैतागून गच्चीवर गेले. परतीच्या पाइपाच्या सगळ्यात उंच जागी हवा काढायची नळी होती, शेजारी आपोआप हवा सोडणारा व्हॉल्व्ह. पंप चालू होता. नळी उघडली आणि तोंडाशी कागदाचा तुकडा धरला. तो उडाला नाही. चटकन आत ओढला जाऊन चिकटला. पाइप श्वास घेत होता, आत!

मग डोकं चाललं. पाणी कमी भरलेलं, दाब पडलेला, वर पंपाची ओढ. तिथं भोक उघडलं की हवा बाहेर पडण्याऐवजी आत जाणार. आपोआप सोडणाराही तेच करत होता. आणि मामा रोज माया करून वरून आणखी हवा भरत होते.

मालकाशी कडाकडा भांडून पंप बंद करवला. दाबाच्या घड्याळात काटा नीट चढेपर्यंत पाणी भरलं. व्हॉल्व्ह काढला, जिथं पंप चालू असतानाही दाब राहतो अशा, पंपातून निघणाऱ्या पाइपाच्या माथ्यावर बसवला. मग परतीची नळी उघडली. फुस्स करून हवा सुटली, बराच वेळ. नंतर थुंकत पाणी आलं.

मामा शेजारी उभे होते, टोपी हातात घेऊन. खाली खोल्या गार होतील, नोकरी राहील, हे त्यांना कळलं होतं. पण डोळे नळीवरच होते.

"ताई, थोडी हवा ऱ्हाऊ द्या की," ते हळूच म्हणाले. "दिसभर येकटाच असतो मी हितं."

पाण्याची धार अखंड झाली तेव्हा मी नळी घट्ट बंद केली. पंप सुरू केला. भिंतीतून काहीच आवाज आला नाही, आणि मामा कान लावून तसेच उभे राहिले.