तारखेच्या आधी

जळकोटच्या बाजारपेठेत शंकरप्पांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान. सगळे त्यांना आप्पा म्हणत. दिलेल्या वायद्याला पेटी तयार असायची, आदल्या दिवशी मागितली तर मिळायची नाही. पेट्या उचलून उचलून जांघेत हर्निया झाला, म्हणून लातुरात ऑपरेशन केलं. जाळी बसवली, टाके घातले. घरी सोडताना सिस्टर मंजुश्रीनं कार्ड हातात देऊन सगळं समजावलं. आप्पांच्या ध्यानात राहिली ती तपासणीची तारीख, बुधवार.

मंगळवारी सकाळी दुकानात त्यांचा मुलगा संगमेश्वर याचा फोन वाजला.

"मंजुश्री बोलतेय, दवाखान्यातून. उद्या आप्पांची तपासणी आहे. येताना कार्ड आणि चालू गोळ्या आणा. जखम कोरडी आहे ना?"

संगमेश्वरनं गल्ल्यावर बसलेल्या वडिलांना विचारलं.

"जरा पाणी येऊन राहिलंय," आप्पा म्हणाले. "थंडी वाजती रात्री. उद्या जायचंच हाय की."

संगमेश्वरनं ते फोनवर सांगितलं. सिस्टर म्हणाली, "मागच्या खोलीत नेऊन तुम्ही स्वतः बघा. हात साबणानं धुवा. दाबू नका, काही लावू नका."

आप्पांनी कुणाला जखम दाखवली नव्हती. जागाच तशी. रोज लिंगपूजेआधी ते डोक्यावरून अंघोळ करत आणि ओल्या पट्टीवरच धोतर नेसत. संगमेश्वरनं धोतर बाजूला केलं. पट्टी पिवळी पडून चिकटली होती, वास येत होता. लाली मांडीपर्यंत उतरली होती, कातडी तापलेली. शेजारच्याच खाटेवर झोपणाऱ्या वडिलांचं हे त्याला ठाऊक नव्हतं. दिसलं ते सगळं त्यानं फोनवर सांगितलं.

"आत्ताच निघा," सिस्टर म्हणाली. "उद्याची वाट बघू नका. मी डॉक्टरांना सांगते. येईपर्यंत काही खायला देऊ नका."

दोघं गाडीनं लातूरला निघाले. "तारखेच्या आधी गेलं तर डॉक्टर रागावतील, असं वाटलं मला," आप्पा वाटेत हळूच म्हणाले.

डॉक्टरांनी टाके उकलून पू काढला, तपासणीला पाठवला, सलाईनमधून औषधं सुरू केली. जाळी राहील की काढावी लागेल, हे चार दिवस कुणी सांगू शकलं नाही. संगमेश्वर बाकावर बसून कार्ड वाचत राहिला. पट्टी ओली करू नये. ताप, लाली, सूज, पू किंवा वाढतं दुखणं असेल तर त्याच दिवशी फोन करावा. शब्द मराठीत, ठळक होते.

जाळी वाचली. जखम उघडीच ठेवून रोज ड्रेसिंग करावं लागलं, ती आतून भरत यायला दीड महिना गेला. तोवर आप्पा ओल्या फडक्यानं अंग पुसून पूजेला बसत. आणि पट्टी बदलताना, मान भिंतीकडे वळवून का होईना, लेकाला जखम बघू देत.