बाजरीची ताटं

चांदवडकडच्या आमच्या दीड एकरात त्या वर्षी मी नांगर घातलाच नाही. बाजरीची कणसं खुडली, ताटं रानातच आडवी पाडली आणि त्यांतूनच हरभरा टोकला.

दरवर्षी बाजरी निघाली की एक मेंढपाळ रानात मेंढ्या बसवायचा. त्याला चारा, मला लेंडीखत आणि एकट्या माणसाला चार दिवस सोबत.

त्याला म्हणालो, "औंदा नाय जमायचं, बाबा. ताटं मातीवरच राहू द्यायचीत."

"बरं," एवढंच तो म्हणाला.

ताटांखाली ओल टिकली. तण मात्र हातानं उपटून कंबर मोडली, तेव्हा स्वतःच्याच शहाणपणाचा राग आला.

पुढच्या वर्षी कळप रस्त्यानंच निघाला. त्याचा कुत्रा सवयीनं माझ्या बांधावर चढला, शेपूट हलवत उभा राहिला. मेंढपाळानं न थांबताच शीळ घातली आणि कुत्राही गेला.